खालून वर

दुपारी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कवितेची प्रिंट काढून आणली. सहाच ओळी. 'एवढंच?' म्हणाला तो. मोबाइलवर याच ओळी मी आठवडाभर वाचत होतो आणि दर वेळी त्या मला आवडत होत्या, तिथेच संशय आला. डोळा काय, पाठ झालेलं वाचतच नाही.

खुंटीवरती सदरा त्यांचा
अजून लटके जुना बिचारा
खिडकीमधुनी येतो वारा
भरून येतो सदरा सारा
आठवणींचा असा पसारा
आवरताना होई मारा

विजेचं बिल आडवं धरून एकेक ओळ उघडी केली, तीही शेवटून. अण्णांची सवय. दुकानाच्या वहीची बेरीज ते एकदा वरून खाली करायचे आणि मग खालून वर. मी विचारलं होतं, पुन्हा वरूनच का नाही? म्हणाले, 'मग तीच चूक पुन्हा होते, आणि दोनदा झाली की ती खरी वाटते.' पेन्सिल कानावर, ओठ हलतायत, आणि मध्येच कोणी साखर मागितली की सगळं पहिल्यापासून.

तर शेवटची ओळ. मागच्या ओळीचा धक्का नसताना नुसतं 'आवरताना होई मारा' वाचून पाहा. कसला मारा? यमकाचा. 'आठवणींचा असा पसारा' तर कोणाच्याही कवितेत खपेल. दोन्ही खोडल्या. मग बिल वर सरकलं, 'भरून येतो सदरा सारा' एकटीच समोर आली आणि मी जरा थांबलो. कविता इथेच संपली होती, मी उगाच समजावत बसलो होतो.

'जुना बिचारा' सरळ वाचताना कधी खटकलं नव्हतं, कारण पुढचा 'वारा' येऊन सावरून घ्यायचा. उलट वाचताना वारा आधीच येऊन गेलेला. मग कळलं, सोळा मात्रांतल्या आठ नुसत्या भरतीच्या आहेत. बऱ्याच खटपटीनंतर तिथे आलं: 'एका गुंडीवाचुन लटके'. 'वाचून'चा ऊ ऱ्हस्व करावा लागला आणि यमक गेलं, पण सदरा दिसायला लागला.

गझलवाल्यांना शेर उलट क्रमाने वाचून काही मिळणार नाही, त्यांचा शेर मुळात सुटाच. आणि सूर बिघडलाय का, हे उलट वाचून कळत नाही. त्याला वरून खालीच यावं लागतं, मोठ्याने.

संध्याकाळी आईला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, अण्णांच्या त्या सदऱ्याला एक गुंडी नव्हती ना?

'सगळ्या होत्या,' आई म्हणाली. 'मीच लावायचे.'

ओळ अजून खोडलेली नाही.