शंभर पाकिटं, काउंटरवर अठ्ठावन्न

पॅकिंग लाइनवरची पाकिटं मोजणारा बोर्ड दुरुस्तीला आला होता. पट्ट्यावरून शंभर पाकिटं सोडली की डिस्प्लेवर कधी ५८ यायचे, कधी ६३. सेन्सर ठीक होता, सप्लाय ठीक होता. आधीच्या दुरुस्तीत बोर्डवरची 74HC175 ही चिप जळाली म्हणून बदलली होती, पण HC मिळाली नाही म्हणून त्याच पिनांची 74AC175 बसवली होती. टेक्निशियनचा प्रश्न सरळ होता. "सर, चिप तर आधीपेक्षा फास्ट टाकली, मग मोजणी कमी कशी झाली?"

उत्तर सर्किटच्या एकाच गेटमध्ये होतं. बोर्डवर १ मेगाहर्ट्‌झचा क्लॉक आहे, म्हणजे १००० नॅनोसेकंदांचा आवर्तकाळ. त्यातले ५०० वर, ५०० खाली. सेन्सरचा सिग्नल 175 मधल्या दोन फ्लिप-फ्लॉपमधून क्लॉकशी जुळवून घेतला जातो, तिसऱ्यात एक क्लॉक उशिरा पोचतो, आणि दुसरा Q व तिसऱ्याचा उलटा Q यांचा AND घेतला की एका पाकिटामागे बरोबर एक क्लॉक लांबीचा en, म्हणजे एनेबल सिग्नल, मिळतो. इथपर्यंत रचना उत्तम. पुढे मात्र en आणि क्लॉक यांचा पुन्हा AND करून तो एकमेकांना जोडलेल्या 74HC163 काउंटरांच्या क्लॉक पिनला दिला होता. en असेल तेव्हाच क्लॉक जाईल, एवढाच विचार त्यामागे होता.

आता वेळा मांडून बघू. क्लॉकची कड चढते तो क्षण शून्य धरा. HC175 चं आउटपुट साधारण १७ नॅनोसेकंदांनी बदलतं, पुढचा AND आणखी ८ घेतो, म्हणून en चढतो २५ ला. क्लॉक या गेटपर्यंत एका बफरमधून येतो, त्याला ८ लागतात. म्हणजे en चढतो तेव्हा क्लॉक आधीच वर असतो! गेटमधून तिथल्या तिथे एक कड बाहेर पडते आणि क्लॉक ५०८ ला खाली येईपर्यंत ४८३ नॅनोसेकंदांचा पल्स तयार होतो. ही पहिली चुकीची कड. en अजून वरच आहे. पुढच्या आवर्तात क्लॉक १००८ ला चढतो आणि en उतरतो १०२५ ला. त्या मधल्या १७ नॅनोसेकंदांत आणखी एक पल्स निघतो, सुईसारखा. एका पाकिटामागे काउंटरला दोन कडा मिळतात.

स्कोपवर हे चित्र स्पष्ट दिसतं: एक रुंद पल्स, मग ५०० नॅनोसेकंदांची शांतता, मग सुई. 163 च्या डेटाशीटमध्ये साधारण साडेचार व्होल्टला क्लॉक पल्सची किमान रुंदी १६ नॅनोसेकंद दिलेली असते. सतराची सुई त्यात जेमतेम बसायची, म्हणून बोर्ड दुप्पट मोजायचा. मूळ डिझाइन करणाऱ्याने बहुधा हे सेन्सरच्या दोन्ही कडांवर ढकललं आणि काउंटरचा सर्वांत खालचा बिट डिस्प्लेला न देता आकडा निम्मा करून घेतला. शंभराचे दोनशे, दोनशेचे पुन्हा शंभर. चूक अशी झाकली गेली आणि वर्षानुवर्षं चालली.

AC175 मात्र ६ नॅनोसेकंदांत बदलते. en आता १४ ला चढतो-उतरतो, क्लॉक तसाच ८ ला येतो. सुई उरली ६ नॅनोसेकंदांची. ती काउंटरला कधी कळते, कधी नाही. शंभर पाकिटांमागे शंभर रुंद पल्स आणि सोळा-सतरा सुया पकडल्या तर निम्मे अठ्ठावन्नच होतात. प्रोब गेटच्या आउटपुटला टेकवला की आकडा बदलायचा, कारण प्रोबची दहा-पंधरा पिकोफॅरड कपॅसिटन्ससुद्धा एवढ्याशा सुईला जड जाते. मोजायला गेल्यावर वागणूक बदलणारा दोष दिसला की क्लॉकच्या तारेवर एखादं गेट बसलंय का, हे मी सगळ्यात आधी बघतो. दुसरी भीती वेगळीच: अशी अर्धवट सुई चार बिटांतल्या दोघांना कळली आणि दोघांना नाही, तर 0111 नंतर 1000 न येता भलताच आकडा येऊ शकतो.

क्लॉक कमी केला तरी सुटका नाही. सुईची रुंदी आवर्तकाळावर नाही, en आणि क्लॉक यांच्या उशिरातल्या फरकावर ठरते. १ मेगाहर्ट्‌झऐवजी १०० किलोहर्ट्‌झ केला तरी ती सहाचीच राहील.

उपाय असा: क्लॉकला हात लावायचा नाही, डेटाला लावायचा. फ्लिप-फ्लॉपच्या D च्या आधी दोन-इनपुट मल्टिप्लेक्सर ठेवायचा. en शून्य असेल तर फ्लिप-फ्लॉपचाच Q परत D वर येतो, en एक असेल तर नवा डेटा येतो. क्लॉक प्रत्येक आवर्तात पोचतोच, फक्त en नसताना जुनीच किंमत पुन्हा लिहिली जाते. en २५ ला बदलो की १४ ला, मधे दहा वेळा थरथरो. पुढच्या कडेपूर्वी सेटअपची वेळ राखून तो स्थिर झाला की झालं. इथे जवळपास ९५० नॅनोसेकंद हाताशी आहेत. हा फेरा फ्लिप-फ्लॉपमधून जातो, म्हणून मल्टिप्लेक्सर स्वतःभोवती फिरत राहण्याचा धोकाही नाही.

163 मध्ये ही सोय आतच आहे. वरचं गेट काढलं, क्लॉक थेट पिन २ ला दिला आणि en पिन ७ ला. पहिल्या चाचणीत डिस्प्लेवर ५० आले, आणि ते बरोबरच होते: निम्मं करणारी जुनी युक्ती अजून तारांमध्ये होती. डिस्प्लेच्या तारा एक बिट खाली सरकवल्या, शंभर आले.

आकड्याचे चार बिट धरून ठेवणारं रजिस्टरही (दुसरी 175) असंच गेट केलेल्या क्लॉकवर होतं. तिथे चार मल्टिप्लेक्सरची 74HC157 आणली. पहिल्या बिटासाठी 175 ची पिन २ (Q) 157 च्या पिन २ ला, नवा डेटा पिन ३ ला, पिन ४ चं आउटपुट 175 च्या पिन ४ ला. 157 ची पिन १ म्हणजे en, आणि पिन १५ ग्राउंडला. पिन १५ मोकळी सोडली तर आउटपुट कधीही शून्याला चिकटतात. शेजारच्या पिन ३ वरचा उलटा Q चुकून परत जोडला, तर en नसताना तो बिट दर क्लॉकला पलटतो: स्कोपवर ५०० किलोहर्ट्‌झ, एलईडी मंद. आठ बिट हवे असतील तर 74HC377 घ्यावी, तिच्यात हे सगळं आहे. फक्त तिचा एनेबल शून्याला चालू होतो.

FPGA वर हेच दोन ओळींचं काम आहे:

```verilog
always @(posedge clk)
  if (en) q <= d;
```

`posedge (clk & en)` लिहिलं की तोच जुना दोष परत येतो, वर गेट केलेला क्लॉक साध्या वायरिंगवरून उशिरा पोचतो आणि शेजारच्या फ्लिप-फ्लॉपचा नवा डेटा एक आवर्त आधीच उचलला जातो.

या पद्धतीची मर्यादाही आहे. en जर थेट बटणावरून, क्लॉकशी न जुळवता आला, तर मल्टिप्लेक्सर वाचवत नाही. तो नेमका कडेशी बदलू शकतो. आणि क्लॉक सतत फिरतो म्हणून वीज वाचत नाही. चिपच्या आत वीज वाचवायला क्लॉक थांबवावाच लागतो, तेव्हा क्लॉक खाली असतानाच en आत घेणारा लॅच AND च्या आधी असलेला तयार सेल वापरतात, नुसता AND नाही.

परत पाठवण्याआधी बोर्डवर आधी AC175, मग HC175 लावून प्रत्येकी पाचशे पाकिटं सोडली. दोन्ही वेळा ५००.