घेतलं ना, मग चांगलंच आहे

मुंबईत वॉशिंग मशीन घ्यायचं म्हटलं की चर्चा पाण्यापासून सुरू होते. फ्रंट लोडला पाणी कमी लागतं, पण ते महाग, धुणं संपायला दीड-दोन तास घेतं, आणि वरच्या मजल्यावर नळाला दाब नसेल तर मध्येच अडून बसतं. टॉप लोड स्वस्त. वाकावं लागत नाही, राहिलेला मोजा झाकण उघडून आत टाकता येतो. पाणी मात्र भरपूर खातं.

समजा, मुलुंडमधल्या एका जोडप्यानं तीन आठवडे हा घोळ घातला. त्या वेळी गुण मागितले असते तर त्यांनी फ्रंट लोडला दहापैकी सात आणि टॉप लोडला साडेसहा दिले असते. शेवटी बारा हजार जास्त मोजून फ्रंट लोड आलं. महिन्याभरानं शेजारीण विचारते, कसं आहे मशीन? उत्तर येतं, "एकदम मस्त! टॉप लोडचा तर आम्ही विचारच केला नव्हता, कपडे पिळवटून निघतात हो त्यात." आणि जुलैत दाराच्या रबराला बुरशीचा वास यायला लागला की, "दार जरा उघडं ठेवायचं, एवढंच." आता गुण विचारा. आठ आणि पाच.

मधल्या महिन्यात ना हे मशीन सुधारलं, ना दुकानातलं ते बिघडलं. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५७ साली या घडामोडीला कॉग्निटिव्ह डिसोनन्स हे नाव दिलं. आपल्याच डोक्यातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळेनात की माणूस अस्वस्थ होतो, आणि त्यातली जी सहज बदलता येईल ती बदलतो. मोजलेले बारा हजार परत येणार नाहीत. मत मात्र फुकटात बदलतं. घेतलेल्या वस्तूचे दोष टोचतात म्हणून ते लहान होतात, नाकारलेल्या वस्तूचे गुण टोचतात म्हणून तेही लहान होतात. दोन वस्तू जितक्या तुल्यबळ, तितकी ही कापाकापी जास्त. टॉप लोड मुळातच टाकाऊ वाटलं असतं तर त्याला नावं ठेवायची गरजच पडली नसती.

जॅक ब्रेहम यांनी १९५६ मध्ये हे तपासलं होतं. विद्यार्थिनींना घरगुती वापराच्या आठ वस्तूंना गुण द्यायला लावले, मग त्यांतल्या दोनपैकी एक भेट म्हणून निवडायला सांगितली, आणि पुन्हा गुण मागितले. निवडलेली वर गेली, सोडलेली खाली आली. या पद्धतीवर २०१० साली एक रास्त आक्षेप आला. पहिले गुण नेहमी अंदाजानं दिलेले असतात आणि खरी आवड निवडीतच उघड होते. म्हणजे मन अजिबात बदललं नाही तरी दुसऱ्या वेळचे गुण निवडीच्या बाजूला झुकलेले दिसणारच. आक्षेप बरोबर आहे. तो भाग वजा करूनही परिणाम उरतो, फक्त जुन्या आकड्यांवरून वाटायचा तेवढा मोठा नाही. तेव्हा मुलुंडच्या त्या आठ आणि पाचांतला थोडा हिस्सा खऱ्या आवडीचाही धरावा.

हे समर्थन सुरू कधी होतं? फार लवकर. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हँकुव्हरच्या रेसकोर्सवर, दोन डॉलरच्या खिडकीजवळ, पैसे लावायला निघालेल्यांना आणि नुकतेच लावून आलेल्यांना एकच प्रश्न विचारला: तुमचा घोडा जिंकण्याची शक्यता एक ते सातमध्ये किती? आधीच्यांची सरासरी साडेतीनच्या आसपास, नंतरच्यांची पावणेपाचच्या वर. मध्ये फक्त खिडकी होती. महालक्ष्मीला घोडे बघणाऱ्यांना याचं आश्चर्य वाटणार नाही.

वस्तूचं एक बरं असतं, ती एकदाच घेतली जाते. नोकरी रोज सकाळी नव्यानं घ्यावी लागते, त्यामुळे तिथली समर्थनं जास्त मुरलेली असतात. आणि इथे फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांचा १९५९ चा प्रयोग फार उपयोगी पडतो. विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणं काम दिलं: ट्रेमध्ये रिळं भरायची, काढायची, पुन्हा भरायची, मग फळीवरच्या खुंट्या एकेक करून पाव वळसा फिरवायच्या. शेवटी काहींना सांगितलं, बाहेर पुढची मुलगी थांबली आहे, तिला काम मजेदार आहे असं सांगा. या खोट्याबद्दल कोणाला एक डॉलर, कोणाला वीस. नंतर उणे पाच ते अधिक पाच या पट्टीवर विचारलं, काम खरंच कसं होतं? खोटं न बोललेल्यांनी सरासरी उणे ०.४५ दिले. वीस डॉलरवाले जवळपास तिथेच, उणे ०.०५. एक डॉलरवाले मात्र अधिक १.३५ वर. वीस डॉलर घेणाऱ्याला कारण खिशातच मिळालं होतं. एका डॉलरसाठी आपण खोटं बोललो हे पचत नाही. मग काम तितकंसं वाईट नव्हतं, असं वाटायला लागतं. मनापासून वाटायला लागतं, हे महत्त्वाचं.

आता कल्याणहून अंधेरीला जाणारे दोघे घ्या. दोघांना दादरला गाडी बदलायची, दोघांचे साहेब शनिवारी संध्याकाळी फोन करणारे. एकाला पगार भरभक्कम आणि डोक्यावर घराचं कर्ज. तो गाडीत ऑफिसला मनसोक्त शिव्या घालतो. त्याला नोकरी आवडायची गरज नाही, हप्ता हे कारण पुरेसं आहे. दुसऱ्याचा पगार बेताचा, कर्ज नाही, दोनदा दुसरीकडून विचारणाही झालेली. तो म्हणतो, "शिकायला खूप मिळतं. माणसं घरच्यासारखी आहेत." आपण काळजी पहिल्याची करतो. मला विचाराल तर लक्ष दुसऱ्याकडे द्यावं.

अर्थात त्याला नोकरी खरंच आवडत असेल, ही शक्यता आहेच. फरक ओळखायचा तर कारणाचा खरेखोटेपणा तपासत बसू नये. बहुतेक कारणं थोडीफार खरीच असतात. कारण पडल्यावर काय होतं ते बघावं. शिकवणारा वरिष्ठ सोडून गेला, शिकणं थांबलं. तर निर्णय निदान डगमगायला हवा. तसं न होता त्याच आठवड्यात "पण इथे आता माझ्याशिवाय चालत नाही" हे नवं कारण हजर होत असेल, तर निर्णय या कारणांवर उभा नव्हताच. दुसरी खूण म्हणजे सोडून गेलेल्या सहकाऱ्याबद्दल अचानक दिसायला लागलेले दोष: तो तसाही घाईचाच होता.

यावर उपाय करायचा तो खिडकीच्या अलीकडे, कारण पलीकडे गेल्यावर हिशेब ठेवणारा आणि तपासणारा एकच होतो. मशीन घेण्याआधी दोन्हींचे दोन गुण आणि दोन दोष कागदावर, तारखेसह. नोकरीसाठी गुणदोषांपेक्षा अट लिहिलेली बरी, आणि ती मोजता येण्यासारखी हवी. "परिस्थिती सुधारली नाही तर" असं लिहिलं की सहा महिन्यांनी सुधारणा सापडतेच. साहेबांनी एकदा चहा पाजलेलाही पुरतो. "मार्चपर्यंत शनिवारचे फोन महिन्यात एकाच्या वर गेले, तर एप्रिलमध्ये तीन ठिकाणी अर्ज" असं लिहावं, आणि कागद बायकोकडे, नवऱ्याकडे किंवा डब्यातल्या मित्राकडे द्यावा. स्वतःकडे ठेवला तर मार्चअखेर आपण म्हणतो, हे अप्रेझल तेवढं होऊन जाऊ दे.