एक जुलै

"मॅच मार्चमध्येच झालं होतं ना, मग रुजू व्हायला ऑगस्ट का उजाडला?"

मॅच म्हणजे अमेरिकेतल्या हॉस्पिटलात रेसिडेन्सीची, डॉक्टरच्या पुढच्या ट्रेनिंगची, जागा ठरणं. विचारणाऱ्यांच्या सुरात बहुतेकदा 'हिनंच काहीतरी घोळ घातला असणार' असं असतं. घातला होता, निम्मा तरी.

मला जे-वन व्हिसा नको होता. ट्रेनिंग संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायची अट मला गळफास वाटायची. हॉस्पिटलचा प्रोग्रॅम एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा द्यायला तयार होता, पण त्यासाठी स्टेप थ्री ही लायसन्सची शेवटची परीक्षा पास हवी. ती फक्त अमेरिकेतच देता येते, तीही परदेशी डॉक्टरांच्या पदव्या तपासणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेचं सर्टिफिकेट हातात आल्यावर. माझं सर्टिफिकेट उशिरा आलं आणि परीक्षेची तारीख मिळाली मे महिन्यातली. निकालाला तीन-चार आठवडे. त्यानंतर अर्ज, मग व्हिसा, आणि रेसिडेन्सी एक जुलैला सुरू. बोटांवर मोजलं असतं तरी कळलं असतं. मी मोजलंच नाही.

मेच्या सुरुवातीला कोऑर्डिनेटरनं सरळ सांगितलं, "आता जे-वनच." मग दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं 'स्टेटमेंट ऑफ नीड' मिळवायची धावपळ. या विषयातल्या डॉक्टरांची देशाला गरज आहे, असं सांगणारं ते पत्र. इतर जण मॅच झाल्याबरोबर त्याच्या मागे लागतात. त्याशिवाय ईसीएफएमजी डीएस-२०१९ हा जे-वनचा फॉर्म देत नाही आणि डीएस-२०१९ शिवाय व्हिसाची मुलाखत नाही. तो फॉर्म जूनच्या मध्यावर हातात पडला.

मुलाखत झाली चार मिनिटांची. अधिकाऱ्यानं हसतच एक चिठ्ठी सरकवली, वर २२१(जी). म्हणजे आणखी तपासणी, किती दिवस ते सांगणार नाहीत. रात्री वेबसाइटवर केस नंबर टाकला, तर समोर शब्द Refused. २२१(जी) असताना तिथं तसंच दिसतं, हे मला माहीत होतं. तरी पोटात गोळा आला. पुढचे एकोणतीस दिवस रोज पहाटे तोच नंबर, तोच शब्द. एक जुलैला माझ्या बॅचच्या मुलांनी पांढऱ्या कोटातले फोटो टाकले. मी फोन उलटा ठेवला. एके दिवशी Issued दिसलं, तेव्हा पान तीनदा रिफ्रेश केलं.

"एवढंच ना, एक महिना तर गेला," असंही ऐकवतात. तो महिना तिसऱ्या वर्षाच्या शेवटी भरून द्यायचाय, आणि त्यानंतरच्या बहुतेक फेलोशिपही जुलैच्या सुरुवातीलाच सुरू होतात. शिवाय मी रुजू झाले तेव्हा बाकीच्या इंटर्नना सिस्टिममधल्या ऑर्डर्स पाठ होत्या. मायदेशात मेडिकल ऑफिसर म्हणून वॉर्ड सांभाळलेली मी, इथं प्रत्येक निर्णय सीनियरला विचारून घेत होते. तो नियम बरोबरच आहे, पण तेव्हा झोंबायचा.

मग मार्चमध्येच जे-वन घ्यायला हवा होता का? तपासणी तेव्हाही लागली असती, पण जूनआधी उरकली असती. दुसरीकडे, दोन वर्षांची अट आता मानेवर आहेच. मागच्या आठवड्यात वेव्हरच्या, म्हणजे ही अट माफ करून देणाऱ्या, नोकऱ्यांची यादी उघडली होती, वाचली नाही.