काळी आउटलाइन

«ताई, तुमच्याकडे मेंदीचा काळा कोन का नाही? आमच्या बहिणीच्या लग्नात सगळ्यांनी लावला होता, कुणाला काही झालं नाही.»

कुणाला काही झालं नाही, हे मीही कित्येक वर्षं म्हणत होते. खोटंही बोलत नव्हते. अरेबिक डिझाइनची लाट आली तेव्हा काळी आउटलाइन आणि आत लाल भरणं हीच फॅशन होती आणि मी ती शेकडो हातांवर काढली. बायका खूश होऊन जायच्या, पुढच्या लग्नाला परत बोलवायच्या. तक्रार एकही नाही. त्यामुळे माझी त्या वेळची समजूत चुकीची असली तरी वेडगळ नव्हती, एवढं मला आधी मान्य करून घ्यायचंय, कारण आज तुम्ही विचारता तेव्हा तुमच्या जागी मला मीच दिसते.

तो काळा रंग मी कसा करायचे तेही सांगते. केसांना लावायच्या काळ्या मेंदीची पुडी दुकानात कुठेही मिळते. ती मळलेल्या मेंदीत मिसळायची, पातळ कोन भरायचा, झालं. अर्ध्या-पाऊण तासात रेघ कोळशासारखी काळी. मला वाटायचं, मेंदीच आहे, फक्त जास्त रंगणारी. पुडीवर ठळक अक्षरांत मेंदी लिहिलेलं आणि पानांचं चित्र काढलेलं. मागच्या बाजूची बारीक अक्षरं मी कधी वाचलीच नव्हती.

धाकट्या दिराचं लग्न वैशाखात होतं. गुरुवारी संध्याकाळी घरातच मेंदी, बाहेरचं गिऱ्हाईक कुणी नाही. वन्संची मुलगी तेव्हा ११ वर्षांची होती. सगळ्यात आधी येऊन बसली, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "मामी, मला नवरीसारखी काळी बॉर्डर पाहिजे." मनगटापासून बोटांपर्यंत वेल काढली, आउटलाइन काळ्या कोनाने, आत भरणं साध्या मेंदीने. शुक्रवारी लग्नात ती हात मिरवत फिरत होती. शनिवारी रात्री खाजवायला लागली. वन्सं म्हणाल्या, ऊन लागलं असेल.

रविवारी सकाळी मी तिचे हात पाहिले आणि माझ्याने बघवेना. काळी रेघ जिथे जिथे होती तिथे कातडी वर आली होती. वेल जशी वळली तशीच सूज वळलेली, पानाच्या कडेला पाण्याने भरलेल्या फोडांची रांग, काही फुटून त्यातून पाणी गळत होतं. आणि पानांच्या आत, साध्या मेंदीचं भरणं होतं तिथे, कातडी जशीच्या तशी, सपाट, नारिंगी-लाल. माझ्या हाताने काढलेलं डिझाइन मला फोडांमध्ये वाचता येत होतं. तिच्या दंडावर आणखी एक गोष्ट उठली होती, जी मी काढलेलीच नव्हती. डॉल्फिनची लाल, खाजरी आकृती.

त्वचेच्या डॉक्टरांनी हात पाहिले, दंड पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो डॉल्फिनबद्दल. मग वन्संना आठवलं, डिसेंबरात गोव्याला गेले होते तेव्हा किनाऱ्यावर एकाने तिला काळा टॅटू काढून दिला होता, 'मेंदीचाच आहे, आठ दिवसांत जाईल' म्हणून. तेव्हा काही झालं नव्हतं. घरी परतल्यावर दहाबारा दिवसांनी थोडी खाज आली आणि गेली. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच झालं. शरीराने तो पदार्थ त्या वेळी ओळखून ठेवला. ती ओळख पटायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून पहिल्या खेपेला माणसाला वाटतं की आपल्याला चालतं. पुन्हा तोच पदार्थ लागला की शरीर एक-दोन दिवसांत उसळून उठतं आणि कधी कधी जुन्या जागीही उठतं.

मग त्यांनी मला पुडी आणायला सांगितली. घरी डब्यात एक शिल्लक होती. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं: पॅराफेनिलीनडायमाइन. त्याच्याच खाली इशारा होता की काहींच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्या, भुवया आणि पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते. दोन्ही भाषांत छापलेलं होतं, मराठीतसुद्धा. 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य तिथे बसून मला पूर्ण करता आलं नाही.

हे पॅराफेनिलीनडायमाइन, लोक पीपीडी म्हणतात, केसांच्या काळ्या रंगात खूप वर्षं वापरलं जातं. त्याचा रेणू अगदी लहान, कातडीतून सहज आत उतरतो. केसांना लावताना सोबत ऑक्सिजन देणारा पदार्थ असतो, त्यामुळे पीपीडीचा बराचसा भाग पटापट मोठ्या काळ्या रेणूंत बदलून केसात अडकतो आणि अर्ध्या तासात आपण उरलेलं धुऊन टाकतो. कातडीवरच्या कोनात मात्र ते तासन् तास बसून असतं, हळूहळू हवेने काळं होत राहतं आणि तोवर आत झिरपत राहतं. युरोपात केसांवर लावताना मिसळल्यानंतर त्याचं प्रमाण २ टक्क्यांच्या वर चालत नाही आणि कातडीवर तर परवानगीच नाही. अमेरिकेतही कातडी रंगवायला ते मंजूर नाही. पुडी कोनात ओतताना मी टक्के मोजत नव्हते, आणि किनाऱ्यावर टॅटू काढणाराही मोजत नसणार.

खऱ्या मेंदीचा रंग येतो तो पानातल्या लॉसोनमुळे. वाळलेल्या पानात तो साधारण एक-दोन टक्केच असतो. तो कातडीच्या वरच्या मेलेल्या थरातल्या केराटिनला चिकटतो आणि नारिंगी ते गडद तपकिरी-लाल असाच रंग देतो. कोळशासारखा काळा तो देऊच शकत नाही, कितीही रात्रभर ठेवा. म्हणून मला कुणी "नैसर्गिक काळी मेंदी" म्हणालं की पुढचं ऐकायची गरज उरत नाही.

आता मी राजस्थानातल्या सोजतच्या मेंदीची १०० ग्रॅम वस्त्रगाळ पावडर घेते, त्यात २५-३० मिली निलगिरीचं तेल, दोन-तीन चमचे साखर आणि लिंबाचं पाणी. लहान मुलांसाठी मळताना निलगिरी वगळते. आठ-दहा तास झाकून ठेवते. वर तपकिरी साय धरली की रंग सुटला. कोन भरून फ्रीझरमध्ये, कारण बाहेर दोन-तीन दिवसांत त्याचा रंग मरतो. दुकानातला कोन महिनोन्महिने फळीवर पडून ताजाच राहतो, तेव्हा त्यात मेंदीशिवाय काय आहे हा प्रश्न मला पडतोच. हातावर सहा-आठ तास ठेवा, पाण्याने धुऊ नका, खरवडून काढा. काढल्यावर भोपळी नारिंगी दिसते आणि तिथेच तुमची नाराजी सुरू होते. रंग पुढच्या ४८ तासांत चढतो. म्हणून लग्नाच्या दोन दिवस आधी मेंदी लावा असं मी सांगते आणि तुम्ही आदल्या रात्री बोलावता.

लेबलवर पीपीडी दिसलं तर तो कोन हाताला लावू नका, एवढं मी छातीठोकपणे सांगते. पण उलट बाजू मला तितक्या खात्रीने सांगता येत नाही. बहुतेक स्वस्त कोनांवर आत काय आहे हे लिहिलेलंच नसतं. लेबल कोरं आहे म्हणजे पीपीडी नाही असं होत नाही. तिथे मी हातातला माल बघते. पेस्ट मुळातच काळी आहे, ओल्या पाल्याऐवजी उग्र रासायनिक वास येतो, अर्ध्या तासात गडद होतं, तर नको. आणि लाल रंग झटपट देणाऱ्या कोनांत पीपीडी नसलं तरी दुसरी रसायनं असतात, त्यांनाही मी हात लावत नाही. माझी मेंदीही सगळ्यांनाच चालते असं नाही. जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असलेल्या बाळांना शुद्ध मेंदीनेही रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात, म्हणून तान्ह्या बाळांच्या हातापायाला मेंदी लावायला मी नकार देते. आज्या रागावतात.

वन्संच्या मुलीला काही दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या आणि मलम लागलं, थंड मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या लागल्या. फोड बसले. वेल मात्र फिकट पांढऱ्या रेघांत दोन वर्षं हातावर राहिली. शाळेत मुली विचारायच्या, ती बाही ओढून घ्यायची. काही महिन्यांनी पॅच टेस्ट झाली, म्हणजे संशय असलेले पदार्थ थोडे थोडे चौकोनी पट्ट्यांनी पाठीवर चिकटवले, दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, चौथ्या दिवशी पुन्हा बघितलं. पीपीडीच्या चौकोनात फोड. माझ्या साध्या मेंदीच्या चौकोनात काहीच नाही. ही ॲलर्जी जात नाही. केस पिकले की तिला नेहमीचा काळा रंग लावता येणार नाही. दाताच्या डॉक्टरकडे गेली की आधी सांगावं लागतं, कारण हिरडी बधिर करणाऱ्या बेन्झोकेनसारख्या औषधाशीही शरीर गल्लत करू शकतं.

माझी एक बाजू अजूनही म्हणते की बीज गोव्यात पडलं, मी नसते तर दुसऱ्या कुणाच्या कोनाने हेच झालं असतं. दुसरी बाजू म्हणते, ज्या शेकडो हातांवर मी काळी आउटलाइन काढली त्यातल्या किती जणींना पहिली ओळख माझ्याकडून झाली असेल आणि फोड पुढे कधीतरी, दुसऱ्याच गावात, पार्लरमध्ये केस रंगवताना आले असतील? त्यांची तक्रार माझ्यापर्यंत कशी यावी? हा हिशेब मला लागत नाही.

वन्संची मुलगी आता २२ वर्षांची आहे आणि मार्गशीर्षात तिचं लग्न आहे. तिला माझ्याच हातची मेंदी हवी आहे, लाल. वन्संना नको आहे. पॅच टेस्टचा कागद त्यांनी जपून ठेवलाय, त्यात माझी मेंदी निर्धोक लिहिली आहे, तरीही नको. मी त्यांना समजवायला गेले नाही. पावडर मात्र आणून ठेवली आहे.