उताऱ्याचा नंबर आणि E चं बटण

निपाणीत तहसील कचेरीजवळ अर्ज टाइप करून देणाऱ्या एका मावशींचा फोन आला. "अण्णा, एकेक अक्षर दोनदोनदा येऊलंय बघा. विंडोज नवीन घालून झालं, तरी तेच." एका शेतकऱ्याच्या उताऱ्याच्या अर्जात सर्व्हे नंबर 14 चा 114 झाला होता, आणि तो माणूस दुकानात येऊन भांडत होता. आधार नंबरात आकडा वाढला तर तेरा आकडे होतात आणि फॉर्म स्वीकारत नाही. सर्व्हे नंबर मात्र कुणी अडवत नाही, म्हणून मी लगेच गेलो.

बिघडली होती दोनच बटणं. एक उजवीकडच्या आकड्यांतला 1, दुसरं E. इनस्क्रिप्ट मांडणीत E वर काना आहे. मराठीत काना, कन्नडमध्येही तोच, आणि इंग्रजीत e सगळ्यात जास्त लागतं. म्हणजे आमच्या भागातल्या टायपिस्टचं बोट तिन्ही भाषांत त्याच बटणावर आपटतं. काना दुप्पट आला की दुसरा काना रिकाम्या ठिपक्यांच्या गोलावर बसतो. पडद्यावर "राा" दिसतं ना, तसं. मावशींना वाटलं फॉन्ट बिघडला. विंडोज घालणाऱ्यालाही तेच वाटलं असणार.

मी आधी कीबोर्ड काढून माझ्या लॅपटॉपला लावला. तिथंही दुप्पट, म्हणजे कॉम्प्युटरचा दोष नाही. मग नोटपॅड उघडून E पन्नास वेळा सावकाश दाबलं. साठच्या आसपास अक्षरं आली. बटण दाबून धरल्यावर अक्षरांची रांग लागते ती वेगळी. ती थोडं थांबून सुरू होते, आणि ते सेटिंगचं काम. इथं मात्र एका दाबण्यात, डोळ्याला कळायच्या आत, दोन अक्षरं पडत होती.

हा मेकॅनिकल कीबोर्ड. प्रत्येक बटणाखाली स्विच असतो आणि त्यात धातूची बारीक पाती दुसऱ्या पातीला टेकते. टेकताना ती क्षणभर उडतेच, नवीन असली तरी. कीबोर्डमधली चिप म्हणून पाचेक मिलिसेकंद दुर्लक्ष करते. पातीवर मळ बसला किंवा ती झिजली की उडणं त्यापेक्षा जास्त वेळ चालतं, आणि चिप त्याला दुसरं दाबणं समजते. निपाणीत तंबाखूची धूळ कुठं नाही? बटणाची टोपी उचलली तर आत तपकिरी भुकटी होती.

वायर काढून, ब्लोअरनं धूळ उडवली. मग 99 टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे दोन थेंब, मधली दांडी दाबून धरून, स्विचच्या आत सोडले आणि बटण शंभरेक वेळा वरखाली केलं. संध्याकाळपर्यंत वाळू दिलं, मगच वायर लावली. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि चिकट पदार्थ असतात. गंज काढायचा तेलकट स्प्रेही नको. त्यावर धूळ आणखी बसते.

1 सुधारला, E दोन-तीन दिवस चांगलं चाललं आणि परत सुरू झालं. म्हणजे 1 वर मळ होता, E ची पाती झिजली होती. झिजलेल्याला अल्कोहोल काही करत नाही, कितीही ओता. मावशींना मधल्या दिवसांत कुणीतरी विंडोजमधली Filter Keys ही सोय चालू करायला सांगितलं होतं. तो उपाय मी या दुकानात तरी मानत नाही: एकच आकडा झटपट दोनदा दाबला की तो दुसरा गिळतो, मग 2255 चं 25 व्हायला वेळ लागत नाही.

शेवटी कीबोर्ड खोलला. त्यातले स्विच सर्किटच्या पाटीला डागाने जोडलेले होते, म्हणून डाग वितळवून E चा स्विच काढला. नवीन स्विच मागवायची गरजच नव्हती. Scroll Lock च्या बटणाला या दुकानात कुणी हात लावलेला नव्हता. त्याचाच स्विच E च्या जागी बसवला आणि झिजलेला तिकडे. टोप्या जागच्या जागी ठेवल्या. परत नोटपॅड, परत पन्नास वेळा, पन्नासच अक्षरं.

अजून एक-दोन स्विच गेले तरी असंच करता येईल. पण एकाच वेळी पाच-सहा बटणं दुप्पट होऊ लागली, किंवा डाग काढताना पाटीवरची तांब्याची रेघ उखडली, तर कीबोर्ड बदला.

निघताना मावशींनी बाजूच्या टेबलावरचा दुसरा कीबोर्ड पुढं केला. साधा, रबराच्या टोप्यांचा, त्यावर चहा सांडलेला. आत प्लास्टिकचे पातळ पडदे असतात, त्यांवरच्या रेघा गोड चहानं खाल्ल्या की पुसून भागत नाही. तो मी खोललाच नाही. "हा टाका मावशी, याच्या दुरुस्तीत नवीन येतो," म्हटलं.