रफ कटवर नोट्स लिहिताना मी घातलेला घोळ

मी एडिटिंग करतो. मागच्या वर्षी ओळखीतल्या एका फिल्म शिकणाऱ्या मुलीने डिप्लोमा फिल्मचा पहिला रफ कट, म्हणजे कच्चं एडिट, पाठवला आणि म्हणाली, "दादा, लिहूनच पाठवा, फोनवर मी वाद घालत बसते." २२ मिनिटांचा कट, कोपऱ्यात टाइमकोड, साउंड कच्चा, कलर झालेलाच नाही. गोष्ट एवढीच की मुलगा गावी येऊन वडलांची पिठाची गिरणी विकतो.

मी पहिल्याच वेळी पॉज करत करत बघितला आणि चाळीसेक नोट्स लिहिल्या. पाठवायच्या आधी वाचल्या तर निम्म्या तरी इथे साउंडमध्ये हम, म्हणजे घूं आवाज येतोय, हा शॉट चार फ्रेम लांब आहे अशा, अरे पण उद्या तो सीनच उडाला तर त्या चार फ्रेमचं काय करायचं? सगळं पुसलं. पण पहिल्यांदा बघणं एकदाच मिळतं, ते माझं वाया गेलं होतं. मग बायकोला न थांबवता सगळा कट दाखवला आणि फक्त गोष्ट सांगायला लावली. ती म्हणाली, "शेवटी कुलूप लावताना रडतो तो, पण अचानक का?"

तो सीन १७:४० ला. माझी पुसलेली नोट होती, "सीन लांबलाय, ३० सेकंद कापा." म्हणजे मी दुखणं न सांगता थेट औषध लिहून मोकळा, आणि तेही चुकीचं. मागे जाऊन शोधलं तर ०३:१० ला वडील त्याच्या हातात गिरणीची किल्ली ठेवतात, पण तो शॉट इतका वाइड की हातात काय आहे ते दिसतच नाही. कंटाळा १७ व्या मिनिटाला येत होता, गोची तिसऱ्या मिनिटाला होती.

शेवटी तीनच नोट्स पाठवल्या. पहिली जशीच्या तशी: "१७:४० ला तो का रडतो ते पहिल्यांदा बघणाऱ्याला कळलं नाही. ०३:१० ला किल्ली दिसली नाही. तिथे क्लोज शूट केलाय का?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण शूट झालेलंच नसेल तर क्लोज लावा म्हणून काय उपयोग, मग आवाजाने किंवा एखाद्या डायलॉगने सोडवावं लागतं. दुसरी नोट मधल्या बाजाराच्या सीनबद्दल, तिसरीत बहिणीचा जेवणाचा सीन हलवू नकोस एवढंच लिहिलं, कारण चाललेला सीन सांगितला नाही तर विद्यार्थी घाबरून तोही कापतात (मी कापलेत).

तिचं उत्तर आलं, क्लोज होता, फोकस जरा सॉफ्ट म्हणून काढला होता. दोन सेकंदांचा तो शॉट परत लावला, रडण्याच्या सीनमधली एकही फ्रेम काढली नाही, तरी पुढच्या कटला बायको म्हणाली, "हा सीन छोटा केला ना तिने?"

बाजाराची नोट मात्र तिने ऐकली नाही. तो सीन अजून तिथेच आहे, आणि मला अजून लांब वाटतो.