तुम्ही विचारलंत म्हणून: डिगॉक्सिन जाते कुठे?

"क्षयाची औषधं सुरू झाल्यापासून बाबांच्या रक्तात डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध कमी भरतंय. गोळी तर मी स्वतः रोज वेळेवर देते. मग ती जाते कुठे?"

तिचा काही भाग आतड्याच्या भिंतीत शिरतो आणि रक्तापर्यंत पोहोचण्याआधीच पुन्हा आतड्याच्या पोकळीत ढकलला जातो. औषधशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला अनेक कुटुंबांकडून आला आहे, आणि गोळी चुकवल्याचा आळ घरच्यांवर येऊ नये, म्हणून तो नीट उलगडून सांगावासा वाटतो.

लहान आतड्याच्या अस्तरात पेशींचा एकच थर असतो, आणि तोंडावाटे घेतलेल्या बहुतेक औषधांना तोच ओलांडावा लागतो. पेशीचे पटल स्निग्ध पदार्थांचे असते. स्निग्धात विरघळणारे छोटे रेणू जिकडे प्रमाण जास्त तिकडून कमी तिकडे आपोआप झिरपतात. याला निष्क्रिय विसरण म्हणतात आणि त्यासाठी पेशीला ऊर्जा खर्चावी लागत नाही. ज्यांना असे झिरपता येत नाही, त्यांतल्या काहींना वाहक प्रथिने आत घेतात. नागिणीवरचे असायक्लोव्हिर नुसते घेतले, तर त्याचा १० ते २० टक्केच भाग रक्तात उतरतो. पण त्याला व्हॅलिन हे अमिनो आम्ल जोडून व्हॅलासायक्लोव्हिर केले, की प्रथिनांचे तुकडे शोषून घेणारा वाहक त्यालाही उचलतो आणि हे प्रमाण सुमारे ५४ टक्क्यांवर जाते.

डिगॉक्सिनची अडचण याच्या उलट आहे. त्याचा रेणू मोठा आहे. तो पटलातून झिरपतो, पण सावकाश. पेशीच्या आतड्याकडच्या बाजूला पी-ग्लायकोप्रोटीन नावाचे प्रथिन पंपासारखे काम करते आणि पेशीचे इंधन असलेल्या एटीपीची ऊर्जा वापरून औषध बाहेर उपसते. मला सर्वांत विलक्षण वाटते ते हे, की पेशीच्या आत पोहोचण्याची वाट न पाहता हा पंप पटलाच्या स्निग्ध थरात असलेला रेणूसुद्धा पकडतो. जुलियानो आणि लिंग यांनी १९७६ मध्ये कोल्चिसिन या औषधाला दाद न देणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींमध्ये हे प्रथिन ओळखले.

तुमच्या बाबांच्या उपचारातले रिफॅम्पिसिन पेशीला असे पंप जास्त संख्येने बनवायला लावते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जर्मन संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना डिगॉक्सिन एकदा तोंडावाटे आणि एकदा शिरेतून दिले, तेही रिफॅम्पिसिनच्या आधी आणि नंतर. रिफॅम्पिसिननंतर आतड्यातील पी-ग्लायकोप्रोटीन सुमारे साडेतीन पट झाले होते. तोंडावाटे दिलेल्या डिगॉक्सिनचे रक्तातील प्रमाण स्पष्टपणे उतरले, शिरेतून दिलेल्याचे मात्र त्या मानाने कमी उतरले, आणि मूत्रपिंडातून ते बाहेर पडण्याच्या वेगात फरक पडला नाही. औषध आतड्याच्या दारातच अडवले जात होते, असाच याचा अर्थ होतो. एरवी रिफॅम्पिसिन यकृतातील विकरे वाढवून अनेक औषधे लवकर संपवते. पण डिगॉक्सिन बहुतांशी न बदलताच लघवीतून जात असल्यामुळे येथे तो खुलासा पुरत नाही.

या पंपाला मर्यादाही आहे. झपाट्याने झिरपणारे औषध त्याने उपसले तरी लगेच पुन्हा आत येते, आणि शेकडो मिलिग्रॅमचा डोस असेल, तर पंपाची क्षमताच अपुरी पडू शकते. डिगॉक्सिनची गोळी मात्र बहुधा ०.२५ मिलिग्रॅमची, म्हणजे एवढ्याशा औषधाला पंप सहज पुरा पडतो.

पंपांची संख्या वाढायला काही दिवस जातात आणि रिफॅम्पिसिन थांबल्यावर ती उतरायलाही साधारण दोन आठवडे लागतात. तेव्हा डॉक्टरांनी आता डोस वाढवला, तर क्षयाचे औषध संपल्यावर तोच डोस हळूहळू जास्त होऊ लागेल. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक मध्येच दिले गेले, तर ते पंपाला रोखते आणि डिगॉक्सिन काही दिवसांतच चढू शकते. मूत्रपिंडातही हाच पंप डिगॉक्सिन बाहेर टाकत असल्यामुळे दोन्हीकडची वाट एकदमच आखडते. अन्नावरची वासना जाणे, मळमळ, वस्तू पिवळसर दिसणे किंवा नाडी मंदावणे, यांपैकी काही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

रक्ताची तपासणी गोळी घेतल्यावर निदान सहा तासांनी, शक्यतो पुढच्या गोळीच्या अगोदर करून घ्या. त्याआधी औषध ऊतींमध्ये पसरत असते आणि आकडा फसवा मोठा येतो. डोस मात्र स्वतःहून बदलू नका. रिफॅम्पिसिन ज्या तारखेला संपणार आहे, ती आजच डिगॉक्सिनच्या पाकिटावर लिहून ठेवा आणि हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा.